कॅल्शियम स्कोअर की सीटी अँजिओग्राफी?

सोलापुरातल्या आमच्या मामांचा हृदयाच्या सीटी स्कॅनमधला कॅल्शियम स्कोअर शून्य आला आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र धास्ती वाटत राहिली. सिद्धेश्वर मंदिराकडे चालत जाताना त्यांची छाती आवळल्यासारखी व्हायची, थांबलं की मोकळी व्हायची.

स्कोअरच्या सीटीत इंजेक्शन नसतं. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत साठलेला कॅल्शियम तेवढा मोजतात. चरबीचा मऊ थर त्यात दिसत नाही, आणि रक्ताची वाट किती अरुंद झालीय हेही कळत नाही. काहीच त्रास नसलेल्या, पण कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी की नाही अशा पेचात असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला मात्र ती खरंच उपयोगी पडते. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, शंभरच्या वर गेला तर डॉक्टरांचा कल गोळीकडे.

सीटी अँजिओग्राफीत शिरेतून डाय देतात, म्हणून मूत्रपिंडं नीट चालतात ना हे कळायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. हिच्यात मऊ थर आणि अरुंद झालेली जागा, दोन्ही दिसतात. फक्त कॅल्शियम फार असेल तर तो चित्रात फुगतो आणि आतली वाट नीट वाचता येत नाही.

मामांना त्रास होता, म्हणून त्यांच्यासाठी सीटी अँजिओग्राफीच योग्य होती. तिच्यात डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत मऊ थर निघाला, वाट बरीच अडवलेला.