ताळेबंदात 3 कोटी 86 लाखांचा सिंकिंग फंड, बँकेत एक रुपया नाही

जालना जिल्ह्यातल्या एका खाजगी कंपनीच्या डिबेंचरमध्ये, म्हणजे कंपनीनं लोकांकडून व्याजानं घेतलेल्या कर्जाच्या कागदांत, आमच्या मामाचे 8 लाख आणि आमच्या घरचे 5 लाख अडकलेत, कंपनीचं नाव मी इथं लिहित नाही कारण केस चालू आहे. मामाचे पैसे समृद्धी महामार्गात गेलेल्या रानाच्या मोबदल्याचे होते. आमच्या भागात त्या काळात मोबदला आला की मागोमाग एजंट यायचेच, कुणी प्लॉट घेऊन यायचं, कुणी डिबेंचर.

2018 चं प्रकरण आहे. एकूण 5 कोटीचे डिबेंचर, मुदत 5 वर्षं, व्याज 12 टक्के, परतफेड 31 मार्च 2023. व्याज दर तीन महिन्याला खात्यावर यायचं, चार वर्षं एकदाही चुकलं नाही, त्यामुळं मामा उलट चार लोकांना सांगायचा की कंपनी बघा कशी टाइमवर देते. एजंट म्हणजे मामाच्या सोयऱ्यातलेच एक दाजी, त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मामा, टेन्शन कामून घेता, कंपनी दरवर्षी सिंकिंग फंडात पैसे टाकायली, पाचव्या वर्षी तुमची मुद्दल तिथं तयार राहतीया." आणि ऑफर लेटरमध्ये खरंच तसं छापलेलं होतं.

आता हा सिंकिंग फंड असतो काय ते जरा सांगतो, कारण सगळी फसवणूक इथंच आहे. कंपनीला पाच वर्षांनी 5 कोटी एकदम द्यायचेत. तर ती दरवर्षी नफ्यातून ठराविक रक्कम बाजूला काढते आणि ती बाहेर, म्हणजे बँकेच्या एफडीत नाहीतर सरकारी रोख्यात गुंतवते, व्याज पण त्याच्यातच ठेवते. 7 टक्के व्याज धरलं तर वर्षाला साधारण 86 लाख 95 हजार टाकावे लागतात, पाच वर्षांत खिशातले जातात 4 कोटी 35 लाख आणि उरलेले 65 लाख व्याजातून उभे राहतात. हिशोब ऑफर लेटरमध्ये असाच होता आणि त्यात काहीच चूक नव्हती.

पण याच्या एंट्र्या दोन असतात. एक, नफ्यातून रक्कम काढून फंडाच्या नावावर टाकली. दुसरी, तेवढेच पैसे बँकेतून काढून गुंतवणुकीत टाकले. पहिली एंट्री नुसती वहीतली आहे, तिला रुपया लागत नाही. आपण डायरीत लिहावं की पोरीच्या लग्नासाठी दोन लाख बाजूला ठेवले आणि पैसे त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या हप्त्याला द्यावे, तसं. आमच्या कंपनीनं चार वर्षं फक्त पहिली एंट्री केली.

हे कळलं कसं तर, तारखेच्या आधी फेब्रुवारीत कंपनीकडून पत्र आलं की जुन्या डिबेंचरऐवजी नवीन सिरीज घ्या, 13 टक्के देऊ, जुनं ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा. पैसे तयार असते तर 13 टक्क्यानं परत कशाला मागतील? मी तालुक्याला आडत दुकानदारांचे हिशोब बघतो, त्यामुळं ताळेबंद वाचता येतो. कंपन्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर, mca.gov.in वर 100 रुपये भरून त्या कंपनीची कागदं उघडली, वार्षिक हिशोबाच्या AOC-4 फॉर्मसोबत ताळेबंद असतो, 31 मार्च 2022 चा काढला.

देणी बाजूला लिहिलेलं, डिबेंचर रिडेम्प्शन फंड, 3 कोटी 86 लाख. चार वर्षांचे हप्ते अधिक व्याज केलं की एवढेच येतात, पैशाला पैसा जुळतो. इथंपर्यंत बघून कुणीपण म्हणल की व्वा. मग मालमत्तेच्या बाजूला याच फंडाची गुंतवणूक शोधली, तर एफडी नाही, रोखे नाहीत, बँकेत चालू खात्याची किरकोळ शिल्लक. त्याऐवजी डायरेक्टरच्या दुसऱ्या फर्मला दिलेलं कर्ज, 4 कोटीच्या वर, ते पण मागं टिपांमध्ये, संबंधित पक्षांना दिलेली कर्जं या मथळ्याखाली बारीक अक्षरात. आणि आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. फंडावर दरवर्षी व्याज जमा दाखवलंय, पण नफा-तोटा पत्रकात इतर उत्पन्नात व्याज म्हणून काहीतरी हजारच. 3 कोटीच्या एफडीचं व्याज 20 लाखाच्या घरात पाहिजे ना राव. नसलेल्या एफडीला कागदावर व्याज लावलं होतं.

कायदा काय म्हणतो ते पण बघून घ्या, कारण लोकांना वाटतं सरकार सगळी मुद्दल बाजूला ठेवायला लावतं. तसं नाही. अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला कंपनी कायद्याच्या कलम 71 खाली नफ्यातून रिझर्व्ह करावा लागतो, तो आधी 25 टक्के होता, ऑगस्ट 2019 पासून 10 टक्के, आणि हा रिझर्व्ह म्हणजे वहीतलाच. खरे पैसे गुंतवायचे ते फक्त त्या आर्थिक वर्षात परत करायच्या डिबेंचरच्या 15 टक्के, तेही 30 एप्रिलच्या आत, शेड्यूल्ड बँकेत किंवा बोजा नसलेल्या सरकारी रोख्यात. आमच्या बाबतीत ते 5 कोटीचे 75 लाख, एप्रिल 2022 पर्यंत. तेवढेपण नव्हते. बाकीचं 85 टक्के ऑफर लेटरमधल्या शब्दावर.

दाजी म्हणायचे डिबेंचर सिक्युअर्ड आहे, गोदाम तारण आहे. त्याच पोर्टलवर Index of Charges, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवरच्या बोजांची यादी, फुकट दिसतं. गोदामावर बँकेचा बोजा होता, आमच्या डिबेंचरचा बोजा नोंदवायचा CHG-9 फॉर्म भरलेलाच नाही. आणि डिबेंचर ट्रस्टी? तारण नसलेल्या डिबेंचरला तो ऑफर पब्लिकला किंवा 500 च्या वर लोकांना असेल तरच लागतो, प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे निवडक लोकांनाच विक्री, वर्षाला 200 लोकांच्या आत ठेवलं की आमच्या बाजूनं बघणारं कुणीच नसतं. कंपनीनं ते बरोबर मोजून केलं असं माझं मत आहे.

31 मार्चला पैसे आले नाहीत. ज्यांनी नवीन सिरीजवर सही करून जुनं सर्टिफिकेट दिलं त्यांची पंचाईत मोठी आहे, कारण कंपनी म्हणायली की तुमची थकबाकीच नाही, तुम्ही मुदत वाढवून घेतली. आमच्या घरचं सर्टिफिकेट मी देऊ दिलं नाही. मामाचं मात्र दाजी आधीच घेऊन गेले होते, झेरॉक्स तेवढी राहिली.

आता दोन मार्ग धरलेत. कलम 71 च्या पोटकलम 10 खाली मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज, की मुद्दल आणि व्याज द्यायचा आदेश व्हावा. आणि आर्थिक गुन्हे शाखेकडं एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या राज्याच्या कायद्याखाली तक्रार, कारण चार्ज नसलेलं, लिस्ट नसलेलं आणि शेअरमध्ये न बदलणारं डिबेंचर कंपन्यांच्या ठेव नियमात ठेवच धरलं जातं असं वकील म्हणतात. दोन्हीकडं व्याज आल्याचे बँक स्टेटमेंट, ऑफर लेटर आणि ते फेब्रुवारीचं पत्र लावलंय. याच कंपनीच्या नवीन सिरीजवर कुणी सही केली असल तर त्या कराराची आणि जुन्या सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून ठेवा, आमच्या वकिलांनी मामाच्या बाबतीत त्याच्यावरच भर दिलाय की संमती घेताना फंडाबद्दल खोटं सांगितलं गेलं. दाजी फोन उचलत नाहीत, लग्नात भेटले तर म्हणले, "माझेपण अडकलेत मामा."