खुनाचे धागेदोरे: आधीच वाटावेत की जेवताना पाकिटांतून?

घरी आठ जणांसाठी खून-रहस्याचं जेवण ठेवायचं, म्हणजे पाहुण्यांनी एकेक पात्र होऊन जेवता जेवता खुनी शोधायचा, तर पहिला निर्णय धागेदोरे कसे वाटायचे याचा. मी फोंड्याच्या जुन्या घरात दोन्ही पद्धती एकाच गोष्टीवर करून पाहिल्या.

गोष्ट अशी: नरकासुराच्या रात्री भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, खून होतो. पुतण्या म्हणतो, "मी मित्राकडे हुर्राक घेत बसलो होतो." हुर्राक ही काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू. ती उन्हाळ्यात मोसमापुरतीच मिळते, फेणीसारखी टिकत नाही. दिवाळीत हुर्राक कुठली? म्हणजे पुतण्या खोटं बोलतोय.

पहिल्या पद्धतीत पात्राचा कागद दोन दिवस आधी देतात आणि त्याला माहीत असलेलं सगळं त्यातच असतं. यजमान मोकळा राहतो, पाहुणे वेषभूषा करून, तयारीनं येतात. पण भट्टीवाल्याचं पात्र करणाऱ्यानं सोलकढीचा पेला हातात घेतानाच हुर्राकाचा मोसम सांगून टाकला आणि खेळ दहा मिनिटांत आटोपला. याच्या उलटही घडतं: नेमका धागा लाजाळू पाहुण्याकडे असतो आणि तो शेवटपर्यंत बोलत नाही. म्हणून ही पद्धत निवडलीत तर प्रत्येक महत्त्वाची माहिती किमान दोघांच्या कागदांत घाला.

दुसऱ्या पद्धतीत आधी फक्त ओळख, एक गुपित आणि कुणाशी काय वैर ते कळवायचं. बाकीचं तीन पाकिटांत: एक जेवणाआधी, एक शागुतीनंतर, एक बेबिंकाच्या वेळी. यजमानाला उठबस पडते, म्हणून वाढायला दुसरं कुणीतरी हवंच. कुणी आयत्या वेळी आलं नाही, तर त्याचं पाकीट शेजारच्याला 'सापडलेली चिठ्ठी' म्हणून देता येतं. पहिल्या पद्धतीत ती सोय नाही.

यात एक गोष्ट मला उशिरा उमगली. पाहुणे गोव्याचे असतील, तर हुर्राकाचा मोसम त्यांना ठाऊकच असतो, तो लपवता येत नाही. तेव्हा पुरावा नव्हे, खोटं उशिरा आणायचं: पुतण्याचं ते वाक्य दुसऱ्या पाकिटात. पाहुणे पुण्याचे असतील तर वाक्य पहिल्यात आणि मोसमाची माहिती तिसऱ्यात.

खुनी कोण हे खुन्यालाही शेवटच्या पाकिटातच कळावं, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. पुतण्याला आधीपासून माहीत असेल तरच तो जपून बोलतो, आणि उलगड्याच्या वेळी सगळ्यांना त्याचा अडखळलेला क्षण आठवतो. नियम एवढाच, की खोटं फक्त खुन्यानं बोलायचं. बाकीच्यांनी लपवावं, पण थेट विचारलं तर खरं सांगावं.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी, पाहुणे सहाच्या वर असतील तर, पाकिटंच घ्यावीत. चार-पाच जण आणि सगळे बोलके, तर आधी दिलेले कागद पुरतात. उलगडा मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवा: बेबिंका संपण्याआधी प्रत्येकानं खुन्याचं नाव आणि कारण चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, आणि मगच पुतण्यानं उभं राहून त्या रात्री काय झालं ते स्वतः सांगायचं.