हॉबिट की अर्थसी, सुरुवात कशाने करायची?

ज्यांना फँटसीत नावं, नकाशे, वंशावळी आल्या की गोंधळायला होतं त्यांच्यासाठी टोल्कीनचं 'द हॉबिट' (1937) आणि ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968), दोन्हीत एकच नायक धरून चालायचं असतं म्हणून सोपी.

नावांचं म्हणाल तर हॉबिटमध्ये पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके येतात आणि तिथेच लोक घाबरतात, पण खरं तर थोरिन, बालिन आणि जाडा बॉम्बूर एवढे लक्षात राहिले तरी पुरे, बाकीचे घोळक्यातच असतात. अर्थसीत माणसं कमी पण बेटं खूप, शिवाय नायकाचीच तीन नावं, डनी, स्पॅरोहॉक आणि गेड. ती लक्षात ठेवावीच लागतात कारण खरं नाव कळलं की ताबा मिळतो हाच तिथल्या जादूचा नियम आहे, आणि एकदा हा कळला की अख्खं जग उलगडतं.

पुढचा टप्पा मात्र वेगळा. हॉबिटनंतर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकदम जड होतं, अर्थसीचा दुसरा भाग उलट बराचसा एकाच ठिकाणी घडतो.

हलकंफुलकं, सरळ प्रवासाचं हवं तर हॉबिट. छोटं, गंभीर आणि पुढेही झेपेल असं हवं तर अर्थसी, मी तरी तेच सुचवेन.