दही की कॅप्सूल? सारखं सारखं योनीचं इन्फेक्शन होणाऱ्या बायकांसाठी माझा अनुभव

मागच्या दोन वर्षांत मी दोन्ही करून बघितलं, रोज वाटीभर दही पण आणि महागाच्या प्रोबायोटिक कॅप्सूल पण, आणि माझ्यासोबत माझ्या जाऊबाईंनी पण केलं. दोघींचा त्रास वेगळा होता हे आम्हाला खूप उशिरा कळलं म्हणून हे लिहितेय. दोघींना वाटत होतं की खालच्या जागेचं आम्ल कमी झालंय, ते वाढवलं की झालं. आम्ही भुसावळच्या, उन्हाळ्यात ताक-दही तसंही जेवणात असतंच, त्यामुळे दही खा म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही.

आधी कॅप्सूलचं सांगते कारण माझा निर्णय तिथेच झाला. खोक्यावर लिहिलेलं थंड जागी ठेवा. मी मे महिन्यात ऑनलाइन मागवल्या, कुरियरवाल्याच्या गाडीत त्या किती वेळ तापल्या देवाला माहीत, इकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवल्या तर दुपारी लाइट जायची. महिन्याला हजाराच्या आसपास खर्च आणि त्या गोळीतले जिवाणू जिवंत आहेत की मेलेत हे कळायला काही मार्गच नाही. मला याचाच सगळ्यात जास्त वैताग आला. दह्याचं कसं, विरजण लावलं आणि सकाळी दही लागलं म्हणजे जिवंत आहे, डोळ्यांना दिसतं. कॅप्सूल उघडून बघितली तर पांढरी पावडर, त्यातून काय कळणार. वर खोक्यावर इतके अब्ज जिवाणू असं मोठ्या अक्षरात, आणि नेमका कोणता प्रकार ते बारीक अक्षरात, काहींवर तर नुसतं लॅक्टोबॅसिलस एवढंच. हे म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर फक्त कापूस लिहिण्यासारखं झालं, वाण कोणतं ते नको का सांगायला?

आणि वाणाचाच सगळा प्रश्न आहे. योनीत जे जिवाणू राहतात आणि लॅक्टिक आम्ल करून पीएच, म्हणजे जितका आकडा कमी तितकं आंबट, साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात, त्यातला चांगला राखणदार म्हणजे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस. डेअरीच्या योगर्टमधले म्हणजे बल्गेरिकस आणि थर्मोफिलस, ते दुधात वाढणारे, खाली जाऊन बस्तान बसवणारे नाहीत. आपल्या घरच्या विरजणात तर प्रत्येक घरी वेगळंच काही असतं. म्हणजे दही जिवंत आहे हे खरं, पण ते तिथलं नाही.

तरी दह्याच्या बाजूने एक जुना अभ्यास सगळे सांगतात, १९९२ चा अमेरिकेतला, रोज एक मोठी वाटी योगर्ट सहा महिने खाल्लं तर बुरशीचं इन्फेक्शन बरंच कमी झालं म्हणून. तो खरा आहे, पण शेवटपर्यंत टिकल्या फक्त १३ बायका, एवढ्यावर मी तरी पैज लावणार नाही. पुढे २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या दोनशेच्या वर बायकांवर बघितलं, लॅक्टोबॅसिलस तोंडाने पण दिलं आणि खालून पण, बुरशी काही टळली नाही.

आता आमच्या दोघींचं. मला वर्षात चार वेळा खाज, आग, दह्याच्या गाठीसारखं घट्ट पांढरं, वास नाही. पहिली वेळ दाताच्या अँटिबायोटिकनंतर आली होती. जाऊबाईंना खाज नाही, पातळ राखाडी पाण्यासारखं आणि माशासारखा वास, संबंधांनंतर जास्त. मी जळगावला डॉक्टर मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी पीएचची पट्टी लावली, माझा पीएच ४.२ निघाला. नॉर्मल! म्हणजे माझ्यात आम्ल कमी नव्हतंच. स्लाइडवर बुरशीचे धागे दिसले. मॅडम म्हणाल्या, "अगं ही बुरशी आंबट जागेतच मजेत राहते, तू आणखी आंबट करून काय मिळवणार?" मी वर्षभर नेमकं तेच करत बसले होते, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून दोन रात्री कापसाला दही लावून आतही ठेवलं होतं. गार वाटलं तेवढंच, सकाळी खाज तशीच. मॅडमनी ते परत करू नको असं स्पष्ट सांगितलं, घरच्या दह्यात काय काय असतं कोणाला माहीत.

मला त्यांनी शुगर तपासायला सांगितली (ती ठीक निघाली, पण खाज परत परत येणाऱ्या प्रत्येकीने करावीच), मग फ्लुकोनॅझोल १५० च्या तीन गोळ्या तीन-तीन दिवसांनी आणि त्यानंतर आठवड्याला एक, सहा महिने. गरोदर असाल तर ही गोळी चालत नाही, आणि बाकी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. माझं त्या सहा महिन्यांत एकदाही उलटलं नाही. गोळ्या थांबल्यावर निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात कधी ना कधी परत होतं हे पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

जाऊबाईंची पट्टी साडेपाच. त्यांना बीव्ही, म्हणजे राखणदार जिवाणू कमी आणि दुसरेच वाढलेले. इथे आम्लाची गोष्ट खरी लागू पडते, त्यामुळे प्रोबायोटिकची बाजू थोडी तरी जड होते असं मला वाटतं. २०२० मध्ये अमेरिकेत २२८ बायकांवर मोठा अभ्यास झाला, आधी मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचं जेल आणि मग क्रिस्पॅटसची पावडर योनीत, पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस, मग आठवड्यातून दोनदा दहा आठवडे. बारा आठवड्यांपर्यंत १०० पैकी ३० जणींना परत झालं, नुसत्या जेलवाल्यांत ४५ जणींना. फरक आहे, पण तो क्रिस्पॅटसचा आणि योनीत ठेवण्याचा, आपल्या मेडिकलवर मिळणाऱ्या तोंडाच्या कॅप्सूलचा नाही. जाऊबाईंनी तोंडाच्या तीन महिने घेतल्या, दोनदा परत झालंच.

त्यांचा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात नवऱ्याला पण औषध दिलं, सात दिवस गोळ्या आणि क्लिंडामायसिनची क्रीम, तर १२ आठवड्यांत बायकांना परत होण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. जाऊबाईंना हे भाऊजींना सांगायला महिना लागला. घरात असं बोलायची सवयच नाही, मलाही तो महिना त्यांचं टेन्शन होतं. शेवटी मॅडमनीच दोघांना एकत्र बसवून सांगितलं आणि भाऊजींनी सात दिवस नीट घेतलं. त्यानंतर पाच महिने झाले, वास नाही. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, मान्य आहे.

म्हणून निवडायचंच असेल तर मी दही निवडेन, जेवणात, बिनसाखरेचं, पोटाला बरं म्हणून, इन्फेक्शन टळेल या भरवशावर नाही. कॅप्सूल कोणी घेत असेल तर मी थांबवणार नाही, अपाय सहसा होत नाही, पण त्या हजार रुपयांत आधी एकदा पट्टी आणि स्लाइड करून घेतली असती तर माझं वर्ष वाचलं असतं. घरी पट्टी लावणार असाल तर पाळीत नको, संबंधांनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत नको, कारण रक्त आणि वीर्य दोन्ही आकडा वाढवतात. आणि अर्ध्या-अर्ध्या घरांची पट्टी घ्या, पूर्ण आकड्यांच्या पट्टीवर चार आणि पाच यातलं काही कळत नाही. आकडा कमी आला म्हणून सगळं ठीक असंही नाही, माझा तर कमीच होता.