टेम्पो भरण्याचा पूर्णांक प्रोग्रॅम: काही महिन्यांच्या वापरानंतर

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यातून कास्टिंगच्या लाकडी पेट्या चाकणला जातात. माल जड आहे, त्यामुळे टेम्पोतली जागा कधी कमी पडत नाही, वजनाची मर्यादा मात्र आधी गाठली जाते. कमीत कमी टेम्पोंत सगळ्या पेट्या बसवण्यासाठी मी पूर्णांक प्रोग्रॅम, म्हणजे ज्याची उत्तरे पूर्ण संख्यांतच यावी लागतात अशी गणिती मांडणी, काही महिन्यांपासून वापरतो आहे. ती सोडवण्याचे काम सॉल्व्हर नावाचे मोफत सॉफ्टवेअर करते. आज त्याविषयी लिहिण्याचे कारण भाड्याच्या बिलावरून झालेला वाद आहे. माल घेणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागाने नऊ टेम्पोंचे बिल अडवले आणि एकूण वजन पाहता आठ टेम्पो पुरायला हवे होते, असे लेखी कळवले.

त्या दिवशीचा माल असा होता: 780 किलोच्या 6 पेट्या, 530 किलोच्या 7 आणि 410 किलोच्या 8. टेम्पोची क्षमता आम्ही 1500 किलो धरतो. एकूण वजन 11,670 किलो होते. त्याला 1500 ने भागले की 7.78 येतात, म्हणजे कागदावर आठ टेम्पो.

सॉल्व्हरला मी सर्वत्र दिली जाते तीच मांडणी दिली होती. x[i,j] म्हणजे पेटी i टेम्पो j मध्ये आहे की नाही, आणि y[j] म्हणजे तो टेम्पो लागला की नाही. सर्व चलांची किंमत 0 किंवा 1. w[i] म्हणजे पेटी i चे वजन आणि C म्हणजे टेम्पोची क्षमता.

```
min  sum_j y[j]
sum_j x[i,j] = 1              (प्रत्येक पेटी i)
sum_i w[i]*x[i,j] <= C*y[j]   (प्रत्येक टेम्पो j)
```

मांडणी बरोबर आहे आणि तिचे उत्तरही बरोबर येते. माझी सगळी तक्रार तिने दिलेल्या खालच्या मर्यादेविषयी, म्हणजे ज्याहून कमी टेम्पो नक्कीच पुरणार नाहीत त्या आकड्याविषयी आहे, आणि महिनोन्महिने मला तीच खटकत आली आहे. नऊ टेम्पोंची योजना सॉल्व्हरने लगेच दाखवली. त्यानंतर पडद्यावर खालची मर्यादा आठ आणि सापडलेले उत्तर नऊ, हे दोन आकडे तसेच राहिले आणि मी थांबवेपर्यंत काम संपले नाही.

याचे कारण मांडणीतच आहे. पूर्णांकाची अट सैल केली की प्रोग्रॅमला पेटीचे तुकडे करण्याची मुभा मिळते, आणि मग त्याचे उत्तर एकूण वजन भागिले क्षमता एवढेच उरते. खरेदी विभागाने कॅल्क्युलेटरवर केलेला भागाकार आणि सॉल्व्हरची सुरुवातीची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकच आहेत. x[i,j] <= y[j] ही अट वाढवावी, असा सल्ला नेहमी मिळतो. ती मी घालून पाहिली, पण 7.78 जागचे हलले नाहीत, आणि ते हलणारही नव्हते, कारण प्रत्येक पेटी सर्व टेम्पोंत सारखी वाटून टाकली की ही अटही आपोआप पाळली जाते.

दुसरी अडचण टेम्पोंच्या सारखेपणाची आहे. नऊ टेम्पोंतला माल तसाच ठेवून फक्त टेम्पोंचे क्रमांक बदलले तर तीच योजना 3,62,880 प्रकारांनी लिहिता येते, आणि सॉल्व्हरला हे सर्व प्रकार वेगळे वाटू शकतात. आठ टेम्पो पुरत नाहीत हे सिद्ध करताना त्याला तीच अशक्य मांडणी वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. 780 किलोच्या दोन पेट्या एका टेम्पोत बसत नाहीत, म्हणून त्या सहा पेट्या पहिल्या सहा टेम्पोंत आधीच नेमून देता येतात. त्याने ही पुनरावृत्ती बरीच कमी होते आणि हा उपाय मी प्रत्येकाला सुचवेन. मात्र सैल केलेल्या प्रोग्रॅमची मर्यादा त्यानंतरही 7.78 च राहते.

याच टप्प्यावर माझे मत या साधनाच्या विरोधात गेले होते. आमचे लोडिंगचे मुकादम सर्वांत जड पेटी आधी उचलतात आणि ती जिथे पहिल्यांदा बसेल त्या टेम्पोत ठेवतात. त्यांच्या पद्धतीनेही त्या दिवशी नऊच टेम्पो लागले असते, आणि तेही लॅपटॉप न उघडता. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता.

मत बदलले ते दुसऱ्या मांडणीमुळे. गिल्मोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये मोठ्या मालातून ठरावीक मापाचे तुकडे कमीत कमी नासाडीत कापण्याच्या प्रश्नासाठी ती वापरली होती. तिच्यात कोणती पेटी कोणत्या टेम्पोत, हे विचारलेच जात नाही. एक टेम्पो किती प्रकारांनी भरता येतो याची यादी करायची आणि प्रत्येक प्रकारचे किती टेम्पो लागतील, एवढेच ठरवायचे. आमच्या मालासाठी पूर्ण भरणीचे, म्हणजे आणखी एकही पेटी मावणार नाही असे, पाचच प्रकार निघतात: 780 आणि 530, 780 आणि 410, दोन 530 आणि एक 410, एक 530 आणि दोन 410, किंवा तीन 410. टेम्पोंना क्रमांकच नसल्यामुळे सारखेपणाची अडचण मुळातच उरत नाही. या मांडणीत अपूर्णांकांना मुभा दिली तरी उत्तर नेमके 9 येते. तिथे पेटीचा तुकडा करता येत नाही, फार तर भरणीच्या एखाद्या प्रकाराचा अर्धा टेम्पो धरता येतो, आणि म्हणूनच तिची मर्यादा इतकी घट्ट असते.

मला खरा आनंद झाला तो या उत्तरासोबत मिळालेल्या सावली किमतींमुळे, म्हणजे एक पेटी वाढली तर टेम्पोंची गरज किती वाढेल हे सांगणाऱ्या आकड्यांमुळे, कारण त्यातून कोणालाही पटेल असा पुरावा तयार होतो. 780 किलोच्या पेटीला 2 गुण द्या आणि इतर प्रत्येक पेटीला 1. कोणत्याही टेम्पोत 3 पेक्षा जास्त गुण मावत नाहीत. 780 च्या पेटीनंतर 720 किलो उरतात आणि त्यात आणखी एकच पेटी बसते, तर 410 च्या चार पेट्याच 1640 किलो होतात. एकूण गुण 12 अधिक 15, म्हणजे 27. प्रत्येक टेम्पोत जास्तीत जास्त 3, म्हणून नऊपेक्षा कमी टेम्पो चालणारच नाहीत. हेच मी खरेदी विभागाला अर्ध्या पानात लिहून दिले आणि बिल मंजूर झाले.

मुकादमांच्या पद्धतीविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु ती दरवेळी पुरत नाही. 600 किलोची एक, 500 च्या तीन आणि 450 च्या दोन पेट्या घ्या. जड पेटी आधी या नियमाने पहिल्या टेम्पोत 600 आणि 500 जातात, दुसऱ्यात 500, 500 आणि 450, आणि शेवटच्या एका पेटीसाठी तिसरा टेम्पो मागवावा लागतो. 600, 450, 450 एकत्र आणि तिन्ही 500 एकत्र ठेवल्या तर दोन टेम्पो पुरतात. चाकणच्या एका फेरीचे भाडे वाचणे आमच्यासारख्या लहान कारखान्याला लहान गोष्ट नाही.

या योजनेत मात्र दोन्ही टेम्पो काठोकाठ 1500 किलो भरतात आणि पेटीच्या लाकडाचे वजन कोणी नोंदवले नसेल तर दोन्ही मर्यादेबाहेर जातात. म्हणून मी आता प्रत्येक पेटी बांधल्यानंतरच काट्यावर चढवतो आणि वजन पुढच्या पूर्ण किलोत नोंदवतो.

प्रकारांच्या यादीची मांडणी आम्हाला सोयीची ठरली, कारण आमच्याकडे थोड्याच वजनांच्या पुष्कळ पेट्या असतात. जिथे प्रत्येक पेटीचे वजन निराळे असते तिथे भरणीचे प्रकार इतके वाढतात की पूर्ण यादी करता येत नाही. मग थोड्या प्रकारांनी सुरुवात करून, चालू सावली किमतींवर सर्वांत फायद्याचा नवा प्रकार शोधत यादी वाढवावी लागते, आणि शोधाच्या प्रत्येक पायरीवर एका टेम्पोचा छोटा पूर्णांक प्रश्न सोडवावा लागतो. ते काम तयार सॉल्व्हरला एका ओळीत सांगता येत नाही, स्वतः लिहावे लागते. ज्यांच्याकडे वजनांचे मोजकेच प्रकार आहेत त्यांनी पहिली मांडणी सोडून थेट दुसरी घ्यावी. ज्यांचे टेम्पो वेगवेगळ्या क्षमतेचे आहेत त्यांना प्रत्येक क्षमतेसाठी प्रकारांची वेगळी यादी करावी लागेल आणि टेम्पोंच्या संख्येऐवजी एकूण भाडे कमी करण्याचे उद्दिष्ट द्यावे लागेल.