तीन मोठ्या बॅगा की चार मध्यम? कुटुंबाच्या विमानप्रवासासाठी वजनाची वाटणी

धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, चौघांची तिकिटं काढली. घरात तीन मोठ्या सुटकेसेस आहेत, त्यात भागेल ना? की चौथी घ्यावी लागेल?" दोघं नवराबायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मी तिला सामानाची यादी करून वजनं घ्यायला सांगितलं आणि त्या आधी तिकिटावर सामानापुढे काय छापलंय ते वाचायला लावलं. सगळा निर्णय त्या दोन-तीन अक्षरांवर ठरतो.

तिकिटावर `1PC` किंवा `2PC` असेल, तर प्रत्येकाला तेवढे नग नेता येतात आणि प्रत्येक नगाला स्वतःची मर्यादा असते. इकॉनॉमीत ती बहुतेक वेळा २३ किलो असते. `30K` असं काही असेल, तर मर्यादा माणशी एकूण वजनाला असते आणि ते किती बॅगांत भरायचं याची बरीच मोकळीक मिळते. तिथेही एका बॅगेचं वजन सहसा ३२ किलोच्या वर चालत नाही, कारण ती बॅग कुणाला तरी हातानं उचलावी लागते.

नगाच्या नियमात सरासरी चालत नाही, हे मी अनुभवानं शिकलो. आम्ही दोघं निघालो होतो. एक बॅग २६.४ किलो आणि दुसरी १८.२ किलो. बेरीज ४४.६, म्हणजे दोघांच्या मिळून ४६ किलोच्या आतच. मी निश्चिंत होतो. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की प्रत्येक बॅग वेगळी मोजली जाते, एक तर जादा पैसे भरा किंवा बाजूला घेऊन सामान हलवा. मागे रांग, पुढे फरशीवर उघड्या पडलेल्या दोन बॅगा आणि तीन किलो कुठून काढायचे ते सुचत नाही. ती वेळ कुणावर येऊ नये, म्हणून ही तुलना इतक्या बारकाईनं लिहितोय.

बहिणीच्या तिकिटावर `1PC` होतं: प्रत्येकी २३ किलोची एक बॅग आणि केबिनमध्ये ७ किलोची एक. यादीची बेरीज झाली ७६ किलो. त्यात कपडे ३४, पुस्तकं ११, भेटवस्तू आणि घरगुती सामान १४, चपला-बूट ७, साबण-शांपू वगैरे ४, आणि औषधं, कागदपत्रं, लॅपटॉप, चार्जर मिळून ६. शेवटचे ६ किलो केबिनमध्येच जायला हवेत. उरले ७० किलो. काउंटरवरचा काटा आणि घरचा काटा क्वचितच तंतोतंत जुळतात, म्हणून प्रत्येक बॅग २३ ऐवजी २२.५ वर थांबवायची असं ठरवलं. मग तीन मांडण्या शेजारी शेजारी ठेवल्या:

| मांडणी | रिकाम्या बॅगांचं वजन | आत मावणारं सामान | ७० किलोच्या मानानं |
|---|---|---|---|
| ३ मोठ्या (प्रत्येकी ४.६) | १३.८ | ५३.७ | १६.३ कमी |
| ४ मध्यम (प्रत्येकी ३.४) | १३.६ | ७६.४ | ६.४ शिल्लक |
| २ मोठ्या + २ डफल (डफल १.३) | ११.८ | ७८.२ | ८.२ शिल्लक |

पहिल्या ओळीकडे बघा. मोठ्या बॅगांमध्ये जागा भरपूर आहे, सामान सहज मावेल, पण वजनाचा हक्क संपतो. चौथ्या नगाचा २३ किलोचा हक्क तसाच पडून राहतो. लहान मुलाला वेगळं आसन असेल, तर त्याच्या तिकिटावर साधारण मोठ्यांइतकाच हक्क मिळतो, आणि घरात लोक नेमका तोच विसरतात. मांडीवर बसणाऱ्या बाळाचं गणित वेगळं असतं, ते त्या तिकिटावर वाचूनच ठरवावं.

उरलेले १६.३ किलो केबिनमध्ये ढकलता येतील का? बहिणीच्या मनात तेच होतं. तिच्याकडे चाकांच्या दोन केबिन बॅगा होत्या, रिकाम्या प्रत्येकी २.७ किलोच्या, आणि मुलांची ०.६ किलोची दोन दप्तरं. चौघांचे मिळून २८ किलो, त्यातून रिकामं वजन ६.६ गेलं, राहिले २१.४. पण न्यायचे होते आधीचे ६ आणि हे १६.३, म्हणजे २२.३. जवळजवळ एक किलो जास्त. समजा तो एक किलो कमी केला, तरी चार वर्षांच्या मुलाच्या पाठीवर सात किलो कोण देणार? कागदावर केबिनचा हक्क चौघांचा असला तरी खांदे दोघांचेच असतात.

मोठ्या बॅगेची आणखी एक अडचण वजन करेपर्यंत कळत नाही. साधारण शंभर लिटरची बॅग नुसत्या कपड्यांनी भरली तरी २३ च्या आसपास जाते, आणि कोपऱ्यात चार पुस्तकं सरकवली की २६ वर. जागा रिकामी दिसली की आपण भरतोच. सत्तर लिटरची मध्यम बॅग कपड्यांनी गच्च भरूनही रिकाम्या बॅगेसकट वीसच्या आतबाहेर थांबते. म्हणजे तिचा आकारच आपल्याला आवरतो. नगाच्या नियमासाठी माझा कौल त्यामुळे मध्यम बॅगेलाच आहे.

डफलची ओळ सगळ्यात फायद्याची दिसते, कारण कापडी बॅगेत रिकामं वजन जवळपास वाया जात नाही. पण २२ किलोची बिनचाकी बॅग खांद्यावर घेऊन पन्नास पावलं चालून बघा. सोबत मुलाचा हात धरायचा असेल तर ते जमणारं नाही. थेट दारापासून दारापर्यंत गाडी असेल तर डफल जरूर घ्या, त्यातही कपडे आणि मऊ सामानच भरा. हातांचा विचार केला तर तीन मोठ्या बॅगाच सोयीच्या, हेही मान्य करायला हवं: दोघांच्या चार हातांत तीन बॅगा आणि एक हात मुलासाठी मोकळा. चार मध्यम बॅगांत तो मोकळा हात राहत नाही. बहिणीनं हे मुलीवर सोपवलं. सगळ्यात हलकी, चारही चाकं फिरणारी बॅग तिच्याकडे आणि सपाट फरशीवरच.

तिकिटावर `30K` असतं तर मी तिला वेगळंच सांगितलं असतं. ७० किलो सामान आणि तीन मोठ्या बॅगांचे १३.८ मिळून ८३.८, म्हणजे प्रत्येक बॅग २८ च्या आत. हे ३२ च्याही आत आणि चौघांच्या एकूण हक्काच्याही आत. तिथे नवी बॅग घेण्याची गरजच नव्हती. मात्र हक्क एकत्र धरायचा असेल तर चौघं एकाच पीएनआरवर हवेत आणि काउंटरवर एकत्र उभे राहायला हवेत. पुढचं विमान वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या तिकिटावर असेल, तर त्या दोघांतला जो नियम कडक असेल तोच धरून भरा.

आता भरण्याकडे. चार मध्यम बॅगा ठरल्यावर बहिणीला प्रत्येकाची एक वेगळी बॅग करायची होती. दिसायला ते सुटसुटीत आहे, पण वजन तसं वाटलं जात नाही. मुलाचे कपडे सहा किलो आणि वडिलांचे बारा. शिवाय एक बॅग उशिरा आली तर एका माणसाकडे काहीच उरत नाही. आम्ही सामानाच्या प्रकारानं वाटणी केली आणि प्रत्येक बॅगेत चौघांचा एकेक जोड ठेवला. ११ किलो पुस्तकं दोन बॅगांत अर्धी अर्धी, चाकांकडच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केली की पुढे कलंडत नाही. बूट त्यांच्या शेजारी. चारही बॅगा रिकाम्या वजनासकट २०.९ च्या आसपास आल्या.

एका बॅगेत मात्र एक जास्तीची गोष्ट केली, आणि ती मी प्रत्येक प्रवासात करतो. दोन किलो वजनाची एक कापडी पिशवी, वरच, चेनच्या लगेच खाली. तिच्यात टॉवेल आणि दोन जीन्स. काट्यावर ही बॅग जड निघाली तर पिशवी उचलून दुसरीकडे हलवायला अर्धं मिनिट लागतं. आतलं सामान उचकटावं लागत नाही.

वजन घरी कसं करायचं? लटकता काटा असेल तर वरच्या मुठीला अडकवा, बाजूच्या मुठीला लावला तर बॅग भिंतीला किंवा पायाला टेकते आणि आकडा कमी दिसतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, दोनदा मोजा. काटा नसेल तर बॅग उचलून वजनाच्या यंत्रावर उभे राहा, मग बॅगेशिवाय उभे राहा आणि वजाबाकी करा. ही पद्धत मला उलट जास्त भरवशाची वाटते.

केबिन बॅगेत फक्त वजन बघून चालत नाही. चाकांच्या बॅगेऐवजी ०.९ किलोची पाठपिशवी घेतली की सातातले सहा किलो सामानाला मिळतात. बहिणीनं तेच केलं. द्रव पदार्थांची बाटली अनेक विमानतळांवर १०० मिलीपर्यंतचीच चालते, आणि बाटलीवर छापलेला आकडा बघतात. अर्धी संपलेली २०० मिलीची ट्यूब काढून घेतली जाते. म्हणून साबण-शांपूचे चार किलो सरळ खालच्या बॅगेत.

पॉवर बँकेचं उलट आहे. ती खालच्या बॅगेत ठेवायची नाही, केबिनमध्येच न्यायची, आणि सर्वसाधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतची परवानगीशिवाय चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टनं गुणली तर ७४ वॉट-तास येते, म्हणजे ठीक. पण विमान भरलेलं असेल आणि दाराशी तुमची केबिन बॅग खाली टाकायला मागितली, तर पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, औषधं आणि पासपोर्ट तिच्यातून आधी काढावे लागतात. हे सगळं आधीपासून एकाच छोट्या पाऊचमध्ये असेल तर दाराशी बॅग उघडून शोधाशोध होत नाही. बहिणीनं ते पाऊच मुलीच्या दप्तरात नव्हे, स्वतःच्या पिशवीत वरच ठेवलं.

निघायच्या आदल्या रात्री तिनं प्रत्येक बॅगेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून रिकामं आणि भरलेलं वजन लिहिलं. परतीच्या वेळी काटा जवळ नव्हता, पण जाताना २०.९ होतं हे तिथे वाचून आणि आता आत काय नवीन आलंय ते धरून तिनं हिशेब केला: दोन बॅगांत दीड-दीड किलो, बाकीचं त्या कापडी पिशवीच्या बॅगेत.