दोन भाषांची सूचना: कॉलम की टेबल?

वर्डमध्ये डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी अशी सूचना करायची तर बरेच जण Columns वापरतात. पण तिथला मजकूर डाव्या रकान्यातून उजव्या रकान्यात वाहतो. मराठीत एक ओळ वाढली की शेवटची ओळ इंग्रजीच्या डोक्यावर जाऊन बसते आणि खालचं सगळं सरकतं. एंटर मारून केलेली जुळणी पुढच्या दुरुस्तीला पुन्हा मोडते.

म्हणून मी टेबलच घेतो. दोन रकाने, प्रत्येक मुद्द्याला टेबलाची एक आडवी ओळ, शेवटी No Border. मराठी मुद्दा तीन ओळींचा आणि इंग्रजी दोनचा असला, तरी पुढचा मुद्दा दोन्हीकडे एकाच उंचीवर सुरू होतो.

एक अडचण मात्र टेबलातही उरते. मात्रा-उकारांसाठी देवनागरी फॉन्ट जास्त उंची घेतो, त्यामुळे मुद्द्याच्या आतल्या ओळी हळूहळू वरखाली होतात. दोन्ही रकान्यांना Line spacing मध्ये Exactly निवडून सारखाच आकडा द्यावा. १२ पॉइंटच्या मराठीला मी १८पासून सुरुवात करतो. मग ‘वर्षीं’, ‘ट्टू’ अशी अक्षरं छापून बघावीत. रफार किंवा उकार कापला गेला, तर आकडा दोन्हीकडे वाढवावा.